शून्याचा रिपोर्ट आला असेल, तर इंजेक्शनाआधी थांबा

समुद्रपूर तालुक्यातल्या भावांनो, वहिनींनो, सासू-सासऱ्यांनो, हे वाचा आणि घरात वाचून दाखवा. लग्नाला वर्ष उलटून गेले, पाळणा हलत नाही, आणि तपासण्या चालल्या आहेत त्या एकट्या सुनेच्या. तुमच्या घरी असे चालले असेल तर तिला हिंगणघाटच्या पुढच्या फेरीला पाठवण्याआधी मुलाला तपासा. आजच ठरवा. उद्यावर टाकू नका.

आपल्याकडे काय होते ते तुम्हालाही ठाऊक आहे. सुनेची सोनोग्राफी होते. नळ्या मोकळ्या आहेत का ते पाहतात. बीज वाढायच्या गोळ्या दर महिन्याला सुरू राहतात. कोणी दुर्बिणीतून तपासायचे सुचवते. गिरडच्या टेकडीवर जाऊन नवस बोलला जातो. त्याला माझी ना नाही, नवस जरूर बोला. पण या सगळ्यात दोन-तीन वर्षे निघून जातात, कापसाचे आणि सोयाबीनचे पैसे जातात, आणि ज्याची तपासणी सगळ्यांत स्वस्त, बिनदुखाची आणि एका दिवसात होणारी आहे, तो नवरा बाहेर बाकावर बसून राहतो. त्याला कोणी विचारत नाही. तोही बोलत नाही. संबंध व्यवस्थित आहेत, अंगात ताकद आहे, मग दोष आपल्यात कसा, असे त्याला मनापासून वाटते. इथेच घोळ होतो. वीर्य येते म्हणजे त्यात शुक्राणू असतातच असे नाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्याशिवाय फरक कळत नाही.

म्हणून भाऊ, आधी तुम्ही जा. जायच्या आधी दोन ते सात दिवस संबंध टाळा. नमुना पूर्ण द्या, पहिले थेंब सांडले तर लॅबला तसे सांगा, कारण बहुतेक शुक्राणू पहिल्याच भागात असतात. घरून नेत असाल तर तासाभराच्या आत पोहोचवा, डबी अंगाच्या उबेत, खिशात ठेवून न्या. रिपोर्टवर 'निल' किंवा 'ॲझोस्पर्मिया' असे लिहून आले, म्हणजे एकही शुक्राणू दिसला नाही, तर घाबरू नका आणि तो कागद फाडूही नका. लॅबला एवढेच विचारा की नमुना यंत्रात फिरवून तळाचा गाळ पाहिला का. पाहिला नसेल तर पाहायला सांगा. मग काही आठवड्यांनी दुसऱ्यांदा तपासणी करा. दोन्ही वेळा शून्य आले तरच ते शून्य समजा.

आता खरा धोका सुरू होतो. शून्याचा कागद हातात आला की माणूस खचतो, आणि खचलेल्या माणसाला ताकदीचे औषध विकायला बरेच जण टपलेले असतात. कोणी महिनाभराची पावडर देते. कोणी जडीबुटी देते. आणि कोणी, अगदी चांगल्या हेतूनेही, टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन देते. टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषाच्या शरीरातले मुख्य संप्रेरक. ते रक्तात कमी निघाले, म्हणून बाहेरून दिले. ऐकायला सरळ वाटते. चार दिवसांत तरतरीही येते. पण मूल हवे असेल तर हे इंजेक्शन उलटे काम करते. हात जोडून सांगतो, ते घेण्याआधी पुढचे वाचा.

तुमच्या शेतातली विहीर आणि मोटार डोळ्यांसमोर आणा. विहिरीला पाणी कमी झाले की मोटार तासन् तास चालते आणि टाकी तरी भरत नाही. मेंदूच्या तळाशी एक लहान ग्रंथी आहे, ती ही मोटार. तिचे दोन संदेश रक्तातून वृषणांकडे जातात, त्यांची नावे एलएच आणि एफएसएच. वृषण नीट काम करत नसले की हे दोन्ही आकडे चढतात. आता टाकीत टँकरने बाहेरून पाणी ओतले तर काय होईल? टाकी भरलेली पाहून मोटार बंद पडेल. मग विहिरीतून जे थोडेफार येत होते तेही थांबेल. बाहेरून दिलेले टेस्टोस्टेरॉन नेमके हेच करते. एलएच आणि एफएसएच खाली जातात, आणि वृषणाच्या एखाद्या कोपऱ्यात थोडे शुक्राणू बनत असतील तर तेही बनणे मंदावते, अनेकदा थांबते. इंजेक्शन बंद केल्यावर ते परत यायला महिनेच्या महिने लागतात. कधी वर्षही जाते.

म्हणून तुम्ही एक गोष्ट करा. शून्याचा रिपोर्ट आणि इंजेक्शनाची सुई यांच्या मध्ये तीन तपासण्या ठेवा. डॉक्टरांनी सांगितल्या नाहीत तर तुम्ही मागा. मागायला लाजू नका, पैसे तुमचे आहेत आणि घर तुमचे आहे.

त्या कशा चालतात ते एका जोडप्यावरून पाहा. हे कोण्या एका घराचे नाही, अनेक घरांत जे घडते ते जोडून उभे केलेले चित्र आहे. नवरा ३१ वर्षांचा, बायको २६ ची, लग्नाला पाच वर्षे. तिच्या सगळ्या तपासण्या चांगल्या. तो उंच, पाय लांब, दाढी आठवड्यातून एकदा केली तरी चालते. बोलायला उशिरा शिकला, शाळेत मास्तर रागवायचे. छाती थोडी भरलेली, म्हणून विहिरीवर मित्रांसोबत पोहायला गेला तरी बनियन काढायचा नाही. दुपारनंतर थकवा येतो, तो उन्हावर ढकलला जातो. हिमोग्लोबिन किंचित कमी, त्यावर लोहाच्या गोळ्या चालू. यातली एकही गोष्ट आजार म्हणून कोणी जोडून पाहिली नाही. आणि हे लक्षात ठेवा की अनेकांत यातले काहीच दिसत नाही. उंची साधारण, दाढी साधारण, सगळे साधारण.

पहिली तपासणी हातांनी होते आणि तिला पाच मिनिटेही लागत नाहीत. डॉक्टर वृषण हाताने तपासतात. मोठ्या पुरुषात त्याची लांबी साधारण चार ते पाच सेंटिमीटर असते. आपल्या या भावाचे दोन-अडीच सेंटिमीटरचे आहेत आणि चाचपल्यावर घट्ट लागतात. एवढ्यावरून जाणत्या डॉक्टरच्या मनात शंका उभी राहते. पण ही तपासणी होत नाही, कारण रुग्ण पँट सोडायला लाजतो आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरही आग्रह धरत नाहीत. भाऊ, तुम्ही स्वतःहून म्हणा, "डॉक्टरसाहेब, तपासून घ्या." तेवढ्या एका वाक्याने वर्षे वाचतात.

दुसरी तपासणी रक्ताची. टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असते आणि दिवस चढेल तसे उतरते, म्हणून सकाळी ८ ते १० दरम्यान, उपाशीपोटी रक्त द्या. दुपारी चार वाजता घेतलेल्या रक्तावर निकाल लावू नका. ताप किंवा आजारपण असेल तर बरे होऊन जा. कमी निघाले तर दुसऱ्या दिवशीच्या सकाळी पुन्हा बघा. आपल्या जोडप्यातल्या नवऱ्याचे टेस्टोस्टेरॉन आले १९०, म्हणजे नेहमीच्या खालच्या मर्यादेपेक्षा, साधारण ३०० पेक्षा बरेच खाली. आणि एफएसएच आला ३२, नेहमीच्या दुपटीहून अधिक. मोटार जिवाच्या आकांताने चालली आहे आणि टाकी रिकामी आहे. अडचण वृषणातच आहे, हे इथे स्पष्ट झाले. अशा वेळी शुक्राणू वाढवायच्या पावडरी घेणे म्हणजे पैसा पाण्यात.

तिसरी तपासणी गुणसूत्रांची, तिला कॅरिओटाइप म्हणतात. हाच या सगळ्याचा गाभा आहे आणि हीच सगळ्यांत जास्त टाळली जाते. हिरव्या झाकणाच्या नळीत चार-पाच मिलिलिटर रक्त घेतात. उपाशी राहायची गरज नाही. ते गोठू द्यायचे नसते आणि फ्रीझरमध्येही ठेवायचे नसते, कारण प्रयोगशाळेत त्यातल्या पांढऱ्या पेशी जिवंत हव्यात. तीन दिवस त्या वाढवतात, विभागायच्या नेमक्या क्षणी थांबवतात, काचेवर पसरून रंगवतात, आणि मग एकेका पेशीतली गुणसूत्रे मोजतात. निदान वीसेक पेशी मोजल्या जातात. म्हणूनच रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात. खर्च काही हजारांत. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघेचे मेडिकल, नागपूरचे मेडिकल, जिथे जाल तिथे विचारा की ही तपासणी इथे होते का, नमुना बाहेर पाठवता का, आणि तो किती वेळात पोहोचतो. नमुना वाढला नाही असे कळवले तर निराश होऊ नका, पुन्हा द्या.

पुरुषात ४६ गुणसूत्रे असतात, त्यांत एक एक्स आणि एक वाय. आपल्या या भावाच्या रिपोर्टवर छापून आले `47,XXY`. एक एक्स जास्तीचा. याला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात. १९४२ साली बोस्टनमध्ये हॅरी क्लाइनफेल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा नऊ पुरुषांचे वर्णन केले. कारण मात्र १९५९ पर्यंत कळले नव्हते. त्या वर्षी एडिंबराच्या पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांनी जास्तीचा एक्स दाखवून दिला. ही अवस्था दुर्मीळ नाही. साधारण ६०० ते ७०० मुलग्यांमागे एक जण असा जन्मतो. तालुक्यात किती गावे आहेत आणि किती मुलगे आहेत, तुम्हीच मनात हिशेब करा. डेन्मार्कमध्ये, जिथे प्रत्येक रुग्णाची नोंद राहते, तिथेही यातल्या जेमतेम चौथ्या हिश्शाचे निदान आयुष्यात कधी तरी होते. बाकीचे तसेच राहतात. मग आपल्याकडचे काय बोलावे?

आता घरातल्या मोठ्यांसाठी, आणि हे हळू वाचा. आजी, तुमच्या मुलात हा जास्तीचा एक्स कुणाच्या पापाने आला नाही. बाळ पोटात राहण्याआधी बीजाच्या किंवा शुक्राणूच्या पेशी विभागताना गुणसूत्रांची एक जोडी सुटी झाली नाही, एवढेच. कधी हे आईकडच्या पेशीत होते, कधी बापाकडच्या, आणि दोन्हीकडून साधारण सारखेच. ग्रहणात भाजी चिरली म्हणून नाही. सुनेच्या पायगुणाने तर नाहीच नाही. मुलाने तारुण्यात काही केले म्हणूनही नाही. ते त्याच्याबरोबर जन्मले आहे. तो पुरुष आहे, तुमचा मुलगा आहे, आणि वाय गुणसूत्र त्याच्यात पूर्णच्या पूर्ण आहे. म्हणून दुसरी सोयरीक शोधायचे बोलणे आज बंद करा. दुसरी आली तरी रिपोर्ट तोच राहील, आणि दोन पोरींचे आयुष्य नासेल. सुनेला तिच्या माहेरी बसवून ठेवले असेल तर आजच आणा. ज्या घरात हा कागद देवाऱ्यामागे लपवून सुनेला 'वांझ' म्हटले जाते, त्या घराला मी काय नाव द्यावे?

पण मूल होईल का? हा प्रश्न तुमच्या ओठांवर आहे, तर सरळ सांगतो. नव्वद टक्क्यांहून जास्त पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू मिळत नाहीत. तरीही वृषणाच्या आत, एखाद्या कोपऱ्यात, थोडे शुक्राणू बनत असू शकतात. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या पीटर श्लेगेल यांनी पद्धत मांडली की शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखाली वृषण उघडून जाड, पांढरट नळ्या शोधायच्या, आणि तेवढ्याच उचलायच्या. बाकीच्या जागेला हात लावायचा नाही. तिला मायक्रो-टेसे म्हणतात. क्लाइनफेल्टरच्या पुरुषांत दहांपैकी साधारण चार जणांत अशा प्रकारे शुक्राणू मिळतात. मिळाले तर एका बीजात एक शुक्राणू सुईने सोडून गर्भ तयार करतात. अशा बापांना झालेल्या बहुतेक बाळांची गुणसूत्रे साधारणच निघाली आहेत, तरी आधी समुपदेशन घ्या. दहांपैकी सहांना शुक्राणू मिळत नाहीत, हेही डोळे उघडे ठेवून ऐका. कुणी शंभर टक्के हमी देत असेल तर त्या दारातून परत फिरा.

म्हणूनच इंजेक्शनाआधी थांबा म्हणतो. मूल हवे असेल तर आधी शुक्राणूंचा शोध, मग टेस्टोस्टेरॉन. क्रम उलटला की शोधायची संधीच बारीक होते. टेस्टोस्टेरॉन लगेच लागेल असे शरीर सांगत असेल, थकवा, हाडे, मन, तर हॉर्मोनतज्ज्ञ आणि वंध्यत्वतज्ज्ञ यांना एकत्र बसवून ठरवा. एकाच्या चिठ्ठीवर जाऊ नका. आणि उशीरही करू नका, कारण पत्नीचे वयही सरकते आहे. तिचे बीज तिशी ओलांडल्यावर हळूहळू, आणि पस्तिशीनंतर वेगाने घटते. एक वर्ष वाया घालवले तर ते दोघांचे मिळून वाया जाते.

शोध फसला तर? तुम्ही दोघे बसून ठरवा. दात्याचे शुक्राणू घ्यायचे असतील तर २०२१ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत बँकेतूनच घ्या, ओळखीच्या माणसाचे नको. दत्तक घ्यायचे असेल तर सरकारी यंत्रणेत नोंदणी करा, प्रतीक्षा लांब असते, म्हणून लवकर करा. काहीच नको असेल तर तेही घर पूर्ण आहे. कुणी ठरवायचे? सासूने नाही, दीराने नाही. तुम्ही दोघांनी.

मूल झाले म्हणून, किंवा झाले नाही म्हणून, फाइल मिटवू नका. इथे अनेक जण कायमचे घसरतात. मुलाचा प्रश्न संपला की दवाखाना सुटतो. पण ज्याचे टेस्टोस्टेरॉन वर्षानुवर्षे कमी आहे त्याची हाडे आतून विरळ होतात. बांधावरून घसरून मनगट मोडते, तेव्हा कळते. पोटावर चरबी बसते, साखर चढते. पायातल्या शिरेत गाठ होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तेव्हा एकाच पायाला अचानक सूज आली तर त्याच दिवशी दाखवा. छातीत कठीण गाठ लागली तर पुरुष म्हणून दुर्लक्ष करू नका. पुरुषांतला स्तनाचा कर्करोग या भावांत इतरांपेक्षा जास्त दिसतो, तरी एकूण तो कमीच असतो.

आणि उपचार आहे. मुलाचा विषय आटोपल्यावर टेस्टोस्टेरॉन सुरू होते, बहुधा आयुष्यभरासाठी. काहींना दोन-तीन आठवड्यांनी सुई, काहींना लांब चालणारी, दहा ते चौदा आठवड्यांतून एकदा, काहींना रोजचा जेल. जेल लावलेली जागा झाकून ठेवा, बायकोच्या आणि लेकरांच्या अंगाला लागू देऊ नका. सुरू करताना हाडांची घनता मोजून घ्या. तीन ते सहा महिन्यांनी रक्त तपासा. औषधाने रक्त दाट होते, लाल पेशींचा वाटा ५४ टक्क्यांवर गेला तर मात्रा थांबवावी लागते. तो आकडा रिपोर्टवर 'हिमॅटोक्रिट' नावाने असतो, तो स्वतः वाचायला शिका. मेडिकलवाल्याकडून जुन्या चिठ्ठीवर सुई घेत बसू नका.

तुमच्यापैकी कुणी हे वाचेपर्यंत इंजेक्शन घेऊन चुकला असेल. तुम्ही घाबरू नका. लपवूही नका. आपल्या मनाने बंदही करू नका. पुढच्या भेटीला सुईचे पाकीट आणि तारखा लिहून न्या, आणि सांगा की मूल हवे आहे. थांबवायचे कधी, मग किती महिने वाट बघायची, त्या काळात शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनवू लागावे म्हणून दुसरे औषध द्यायचे का, हे तज्ज्ञ ठरवतील. तोवर कॅरिओटाइपचे रक्त देता येते. त्याला इंजेक्शनाची अडचण नाही. येत्या सोमवारी सकाळी दोघे मिळून निघा, नवऱ्याचे सगळे जुने कागद एका पिशवीत घ्या, आणि खिडकीवर नाव नवऱ्याचे नोंदवा.